पहिल्या ऑनलाइन तासाची पहिली दोन मिनिटे: बोलायचा मजकूर कसा बांधावा?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

नमस्कार. मी जयगडच्या खाडीच्या उत्तर काठावरील एका गावात राहते आणि गेली 9 वर्षे शाळेत भूगोल शिकवते. येत्या जूनपासून दर रविवारी सकाळी 10 वाजता सातवीच्या मुलांसाठी झूमवर तास घेणार आहे. गुहागर, संगमेश्वर, राजापूर आणि मालवण अशा चार तालुक्यांतून 24 मुलांची नावे आली आहेत. ती एकमेकांना ओळखत नाहीत आणि बहुतेक जण आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवरून येणार आहेत. माझे खाते मोफत असल्याने तास 40 मिनिटांनी आपोआप बंद होतो, त्यामुळे पहिला पाठ, म्हणजे भरती-ओहोटी, दोन मिनिटांच्या आत सुरू व्हावा असे मी ठरवले आहे.

मी लिहून काढलेल्या मजकुरात स्वागत, माझी ओळख, प्रत्येक मुलाची ओळख आणि 11 नियम आहेत. काल बहिणीच्या दोन मुलांना समोर बसवून घड्याळ लावून तो वाचला. मुलांच्या ओळखी वगळूनही 5 मिनिटे 40 सेकंद लागली आणि चौथ्या नियमाला धाकटा भाचा चटईच्या काड्या उपसू लागला.

आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. मागे एकदा असाच तास घेतला होता, तेव्हा एका मुलीला मी स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले. तिने माइक सुरू करताच मागे मिक्सर लागला आणि कोणीतरी मोठ्याने ओरडले. ती दोन शब्द बोलून थांबली, तिची चौकट नाहीशी झाली आणि नंतर ती कधीच आली नाही. ती चूक पुन्हा घडू नये, यासाठी नेमके काय बोलावे आणि काय गाळावे हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

आबा_देवरूख

ताई, मी 31 वर्षे शाळेत काढली, त्यांतील शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. पहिल्या दिवशी सैल सोडलेला वर्ग वर्षभर हाती लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. तेव्हा अकराच्या अकरा नियम पहिल्याच तासाला स्पष्ट सांगावेत आणि त्यांत पहिला नियम कॅमेरा सुरू ठेवण्याचा असावा. चेहरा दिसल्याशिवाय मूल ऐकते आहे की अंगणात खेळते आहे, हे कळणार तरी कसे? पाठ पाच मिनिटे उशिरा सुरू झाला तरी बिघडत नाही. शिस्त उशिरा सुरू झाली तर मात्र बिघडते.

वाशिष्ठी_तीर (चिपळूण)

वर्गाच्या शुभारंभाला माझ्या शुभेच्छा. सरस्वतीपूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि दोन मिनिटांचे प्रास्ताविक असा क्रम ठेवल्यास कार्यक्रम आटोपशीर होतो. निवेदनासाठी विद्येवरील चारोळ्या हव्या असतील तर माझ्या वहीत पुष्कळ आहेत, त्या अवश्य पाठवीन.

खाडीकाठ

वाशिष्ठी_तीर, आपल्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. मला उद्घाटन समारंभाचे निवेदन नको आहे. तास सुरू झाल्यावर मुलांशी जे पहिले बोलायचे, त्याविषयी विचारले आहे. शीर्षकावरून तसा समज झाला असल्यास दोष माझ्या शब्दांचा आहे.

सुरंगी (वेंगुर्ले)

खाडीकाठताई, मी 2020 पासून सतत ऑनलाइन शिकवते आणि पहिल्या तासाचा मजकूर दरवर्षी नव्याने लिहिते. आधी शब्दांचा हिशेब करावा असे सुचवते. मोबाइलच्या लहानशा स्पीकरवरून ऐकणाऱ्या मुलांशी मिनिटाला सुमारे 100 ते 110 शब्दांच्या गतीने बोलले, तरच सगळे नीट पोहोचते. दोन मिनिटांतील निदान 25-30 सेकंद मुलांच्या उत्तराची वाट पाहण्यात जायला हवीत. उरलेल्या 90 सेकंदांत फार तर 160 शब्द बसतात. आपला मजकूर याच्या तिप्पट तरी असणार, म्हणून तो भरभर वाचून उपयोग होणार नाही, तो कापावाच लागेल.

कापताना मी एकच प्रश्न विचारते: हा नियम मुलाला पुढच्या दोन मिनिटांत लागणार आहे का? गृहपाठ कधी द्यायचा, गैरहजेरी कशी कळवायची, वही कोणती घ्यायची हे नियम आदल्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवावेत. तासाला लागतात ते तीनच: उत्तर कसे द्यायचे, बोलायचे झाल्यास काय करायचे आणि नेट तुटले तर काय करायचे. तेही आधी सांगून मग पाळायला लावण्यापेक्षा मुलांकडून एकदा करवून घ्यावेत आणि नंतर, आत्ता केलेत तोच आपला नियम, असे म्हणावे. केलेले मुलांच्या लक्षात राहते, नुसते ऐकलेले तिसऱ्या वाक्याला निसटते.

ओळखींचा तर हिशेबच जुळत नाही. प्रत्येकी 15 सेकंद धरली तरी 24 मुलांची 6 मिनिटे झाली, आणि त्यातला प्रत्येक क्षण पुढच्या मुलाला आपली पाळी जवळ येत असल्याची धास्ती देतो. आपण सांगितलेल्या मुलीचे तेच झाले. मुलांना भूगोलाची भीती नसते. आपल्या घरातले आवाज परक्यांना ऐकू जातील आणि आपली चौकट सर्वांसमोर मोठी होईल, याची भीती असते. म्हणून पहिले उत्तर आवाजाचे नसावे, आकड्याचे असावे. आकडा टाइप करायला मराठी कीबोर्ड लागत नाही, शुद्धलेखनाची चूक होत नाही आणि सगळी मुले एकाच वेळी उत्तर देऊ शकतात. मूल पहिल्या 30 सेकंदांत एकदा तरी काहीतरी करते झाले पाहिजे. ते साधले की निम्मे अवघडलेपण ओसरते.

आबा, आपले एक म्हणणे मला पूर्ण पटते: नियम पहिल्याच दिवशी आणि ठाम आवाजात सांगावेत. फक्त ते अकरा असू नयेत.

पेटीवादक (कुडाळ)

मी हार्मोनियम शिकवतो, भूगोलातले मला काही कळत नाही. तरीही माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. पहिल्या ऑनलाइन तासाला मी सर्वांचे माइक सुरू करून एकत्र षड्ज लावायला सांगितला. एकाच खोलीत बसून जे सहज जमते, ते तिथे जमेना. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोहोचत होता. त्यात ॲप एका वेळी मोठा आवाज पुढे आणून बाकीचे दाबत होते. मुलांना वाटले की आपला सूर चुकतो आहे, आणि एकेक जण गप्प झाला. चूक सुराची नव्हती, माझ्या मांडणीची होती.

आपल्या मजकुरात प्रार्थना किंवा एकसुरात “नमस्ते बाई” असेल, तर ते काढून टाकावे. प्रार्थना हवीच असेल तर एकाचाच माइक सुरू ठेवून बाकीच्यांनी घरच्या घरी म्हणावी. एका घरातील दोन भावंडे दोन मोबाइलवरून शेजारी बसली असतील, तर त्यांतील एकाचा स्पीकर पूर्ण बंद ठेवायला आदल्या दिवशीच सांगावे. नाहीतर आवाज फिरून येतो आणि शिट्टी वाजू लागते.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. ओळखी आणि प्रार्थना काढली, 11 नियमांचे 3 केले. पहिला प्रश्न असा ठेवला आहे: “आज तुमच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता होती?” मासेमारी करणाऱ्या घरांतील मुले हे तिथीवरून चटकन सांगतात. माझ्या गावात आजही तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडे अधिक जुळतो, आमच्याकडे भरती थोडी आधी येते, पण पाठाला सुरुवात म्हणून तो मला फार आवडतो.

पाऊलवाट (संगमेश्वर तालुका)

मी शिक्षिका नाही, एका सातवीतल्या मुलीची आई आहे. ताई, आपला प्रश्न वाचून माझी मुलगी काय करेल, हे मला डोळ्यांसमोर दिसले. आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तिने समुद्र चार-पाच वेळा पाहिला असेल, भरतीची वेळ तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिल्याच मिनिटाला मालवणची मुले भराभर उत्तरे देतील आणि ती मान खाली घालून बसेल.

आणखी दोन गोष्टी सांगते. चॅट कुठे असते हे तिला माहीत नाही. पडद्यावर बोट टेकवल्याशिवाय खालची बटणे दिसतच नाहीत, हे मलाही उशिरा कळले. आणि कॅमेऱ्याची सक्ती करू नये अशी विनंती आहे. आमची खोली एकच आहे, सकाळी दहा वाजता सासूबाई तिथेच पडलेल्या असतात आणि पावसाळ्यात कपडेही तिथेच वाळत असतात. ती ऐकणार नाही असे नव्हे, पण घर दाखवायला ती लाजते.

सुरंगी

पाऊलवाट यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाजवळ घरबसल्या असले पाहिजे, आणि तरीही तो प्रश्न पाठाचाच भाग असला पाहिजे. केवळ मन मोकळे करण्यासाठी आवडता रंग किंवा आवडते फळ विचारले, तर मुले उत्तर देतात, पण तिथून भरतीकडे येताना पुन्हा एक मिनिट जाते.

म्हणून भरतीऐवजी पाण्यापासून सुरुवात करावी असे सुचवते. मी मजकूर लिहून मोठ्याने वाचून पाहिला. वेळा डाव्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात.

*0:00* “नमस्कार मुलांनो. मी तुमची भूगोलाची शिक्षिका. पडद्यावर चार चित्रे आहेत. एक, विहीर. दोन, नदी. तीन, खाडी. चार, समुद्र. तुमच्या घराला सर्वांत जवळचे पाणी यांपैकी कोणते? फक्त आकडा लिहून पाठवा. पडद्यावर बोट टेकवा, खाली बटणे येतील. त्यांत `Chat` दिसत नसेल तर `More` दाबा. यात चूक-बरोबर काही नाही.”

*0:30* इथे 15 सेकंद थांबावे. आलेले आकडे शांतपणे वाचावेत, नावे वाचू नयेत.

*0:45* “दोन आला. तीन, पुन्हा तीन. एक. छान. आत्ता केलेत तोच आपला पहिला नियम: मी विचारले की सगळ्यांनी लिहून उत्तर द्यायचे. दुसरा नियम: माइक बंद राहील. बोलावेसे वाटले तर हात वर करण्याचे बटण दाबा, मी नाव घेईन. मागे घरातले आवाज आले तरी चालतील, माझ्याकडेही येतात. तिसरा नियम: नेट गेले तर परत या, काही सांगत बसू नका, पडद्यावरचा प्रश्न वाचा आणि सुरू करा.”

*1:20* “आता पुढचा प्रश्न. नदीचे पाणी समुद्राकडे वाहते. खाडीचे पाणी दिवसभर एकाच दिशेने वाहते का? वाहत असेल तर एक लिहा, दिशा बदलत असेल तर दोन लिहा. खाडी पाहिली नसेल त्यांनी अंदाज करा.”

*1:40* इथे 10 सेकंद थांबावे. आणि मग: “बहुतेकांनी दोन लिहिले आहे. दिशा का बदलते, तेच आज पाहायचे आहे.”

दुसऱ्या मिनिटाला पाठ सुरू झालेला असतो आणि तो सुरू झाल्याचे वेगळे सांगावेही लागत नाही. संगमेश्वरच्या मुलीने “दोन” लिहिले, तर पुढे एक सुंदर दुवा जोडता येईल: तिच्याकडची शास्त्री नदीच जयगडपाशी खाडी होऊन समुद्राला मिळते, म्हणजे तिच्या गावचे पाणी ताईंच्या दारावरून जाते.

थांबण्याची सेकंद मात्र चोरू नयेत. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात प्रत्यक्ष वर्गांतील संभाषणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे अधिक मोठी व विचारपूर्वक येतात, असे दिसून आले. ऑनलाइन तासात आवाज पोहोचायला, बटण शोधायला आणि उत्तर परत यायला वेळ लागतो, तिथे तीन सेकंदही अपुरी पडतात. शांतता असह्य होऊन आपणच उत्तर सांगून टाकले, तर वाट पाहिली की उत्तर मिळते हे मुले पहिल्याच दिवशी शिकतात.

रातांबा (दापोली)

तांत्रिक बाजूने तीन सूचना करतो. झूमच्या सेटिंगमध्ये `Mute participants upon entry` आधीच सुरू ठेवावे, म्हणजे माइक बंद करा असे सांगण्यात एकही शब्द खर्च होणार नाही. प्रश्न आणि तीन नियम चॅटमध्ये न टाकता पडद्यावरच मोठ्या अक्षरांत ठेवावेत, कारण उशिरा आलेल्या मुलाला आधीचे संदेश अनेकदा दिसत नाहीत. तिसरे, हा सगळा मजकूर घरातील सर्वांत जुन्या मोबाइलवर एकदा करून पाहावा. बटणांच्या जागा आवृत्तीप्रमाणे बदलतात आणि ताई “खाली” म्हणतील तेव्हा ते बटण मुलाला खालीच दिसले पाहिजे.

पहिल्या दिवशी चॅट फक्त शिक्षकांनाच जाईल असे ठेवता येते. लाजाळू मुलांसाठी ते बरे, असे माझे मत आहे.

पेटीवादक

रातांबा यांच्या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. दुसऱ्यानेही “तीन” लिहिले आहे हे दिसले की मुलाला सोबत मिळते. एकट्याने आकडा पाठवून शांत पडद्याकडे पाहत बसणे, हेही अवघडच असते.

आबा_देवरूख

सुरंगीताईंचा मजकूर दोनदा वाचला. आकड्यांनी उत्तर घेण्याची युक्ती मला नवी आहे, आणि त्यातून हजेरीही आपोआप होते, हे मान्य करतो. पाऊलवाट यांच्या घरची अडचण वाचल्यावर सक्ती हा शब्द मागे घेतो. परंतु आठवड्यातून एकदा, निदान काही मिनिटे, मुलांचे चेहरे शिक्षकाला दिसावेत, हे माझे मत कायम आहे. आकडा तर शेजारी बसलेला मोठा भाऊही लिहू शकतो.

सुरंगी

आबा, तो धोका खरा आहे. एकाच मुलाची उत्तरे नेहमी बरोबर आणि नेहमी सर्वांत आधी येऊ लागली, तर मला शंका येते. मग मी त्याला “तुझ्या विहिरीला आत्ता किती पाणी आहे?” असा घरचाच प्रश्न विचारते, म्हणजे उठून पाहावे लागते. कॅमेऱ्याला याहून चांगला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

खाडीकाठ

काल पहिला तास झाला, त्याचा वृत्तान्त लिहिते.

9 वाजून 50 मिनिटांनी तास उघडला आणि चार चित्रांचे पान पडद्यावर लावून ठेवले. 10 वाजता 24 पैकी 19 मुले आली होती. पावसाने पत्रा इतका वाजत होता की माझाच आवाज मला ऐकू येईना, म्हणून आतल्या मातीच्या खोलीत जाऊन बसले. ही व्यवस्था आधीच करायला हवी होती. चॅट फक्त मला दिसेल असे ठेवले, मात्र आकडे मोठ्याने वाचले, म्हणजे मुलांना सोबतही मिळाली.

पहिल्या प्रश्नाला 15 सेकंदांत 12 आकडे आले. तिघांनी आकड्याऐवजी “yes mam” लिहिले. त्यावरून माझ्या लक्षात आले की “आवाज येतो आहे ना?” हे वाक्य मजकुरात नसतानाही माझ्या तोंडून सवयीने निघून गेले होते आणि मुलांनी त्याचे उत्तर दिले होते. मी “आकडा लिहा” एवढेच पुन्हा म्हणून आणखी 10 सेकंद थांबले, तेव्हा एकूण 17 झाले. राजापूरकडच्या एका मुलाने “3 4” असे दोन्ही लिहिले होते, कारण त्याचे घर खाडीच्या मुखाशी आहे.

खाडीच्या प्रश्नाला 17 पैकी 11 जणांनी दोन लिहिले. त्याच मुलाने हात वर केला, मी नाव घेतल्यावर माइक सुरू केला आणि म्हणाला, “बाई, आमचे बाबा होडी आत आणायला भरतीची वाट बघतात, तेव्हा पाणीच ढकलते.” त्याच्या मागे कोंबडा आरवत होता आणि तो थांबला नाही. तिथून दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीवर आणि दोन भरत्यांमधील सुमारे 12 तास 25 मिनिटांच्या अंतरावर यायला वेगळे काही करावे लागले नाही. घड्याळात पाहिले तेव्हा त्याचे बोलणे सुरू झाले होते 2 मिनिटे 20 सेकंदांनी.

दोन गोष्टी राहिल्या. दोन मुलांनी शेवटपर्यंत काहीच लिहिले नाही. त्यांच्या पालकांना आज दूरध्वनी करून चॅटचे बटण सापडले होते का, एवढेच विचारणार आहे. दुसरे, 10 वाजून 7 मिनिटांनी तीन मुले एकदम आली. मी बोलणे थांबवून त्यांचे स्वागत केले आणि पाठाची लय तुटली. उशिरा येणाऱ्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करावे की एका वाक्यात त्यांना आत घ्यावे, याविषयी आपण काय करता?

पाऊलवाट

ताई, माझी मुलगी त्या तिघांपैकीच एक होती, घरची वीज गेली होती. आपण नाव घेतले तेव्हा ती आधी दचकली. पण शास्त्री नदी आपल्या दारावरून जाते हे तिने संध्याकाळी आजीला नकाशा काढून दाखवले. तिला विचारले तर ती म्हणते, नाव घेऊ नये, फक्त पडद्यावर प्रश्न असावा.

सुरंगी

मी नाव घेत नाही. चालू वाक्य संपवते आणि “पडद्यावरचा प्रश्न वाचा, आकडा लिहा” एवढेच सर्वांना उद्देशून म्हणते. आधीपासून असलेल्या मुलांनाही ते एकदा ऐकून चालते. आबांच्या शाळेत मात्र उशिरा येणाऱ्याने दारात उभे राहून परवानगी मागायची पद्धत असणार; ते काय म्हणतात, हे वाचायला आवडेल.

आबा_देवरूख

परवानगी मागायची पद्धत होती, आणि ती मला आजही योग्य वाटते. मात्र वीज गेल्यामुळे उशीर झालेल्या मुलीला दारात कसे उभे करायचे, याचा विचार करून उद्या लिहितो.